रागाच्या आधीचा एक सेकंद

संध्याकाळी साडेसातची वेळ. आमच्या कराडच्या घरात आमटीला फोडणी बसत होती आणि बाबा हॉलमध्ये फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. पलीकडे पुण्याच्या हॉस्टेलवर माझा धाकटा भाऊ. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, प्लेसमेंटचे दिवस. सकाळी त्याचा एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला होता. बाबांनी फोन स्पीकरवर टाकलेला, त्यामुळे सगळं घर ऐकत होतं.

‘काय रे, काय झालं आजचं?’

‘नाही झालं.’

‘नाही झालं म्हणजे? आता ही कितवी?’

‘मोजत बसलाय का तुम्ही तिकडे?’

‘आवाज खाली. फुकट शिकत नाहीयेस तिथं.’

‘मग नका भरू पैसे! मी सांगितलं होतं का?’

खाट. फोन कट. जेमतेम वीस सेकंदांचं संभाषण. बाबा पानावर बसले, पहिला घास घेतला आणि आईवर खेकसले, ‘आमटीत मीठ तरी घालत जा.’ मीठ बरोबर होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, एवढंच.

हा सीन तुमच्यातल्या अनेकांच्या घरी, थोड्याफार फरकानं, कधी ना कधी झालेला असणार. त्यावर ठरलेले दोन सल्लेही मिळाले असणार. मुलाला सांगतात, ‘राग कंट्रोल कर.’ वडिलांना सांगतात, ‘तरुण पोर आहे, जाऊ द्या.’ मला हे दोन्ही सल्ले बिनकामाचे वाटतात. कारण त्या वीस सेकंदांत राग ही मूळ गोष्ट नव्हतीच. दोघांच्याही बाबतीत राग दुसरा आला होता. त्याच्या आधी काहीतरी वेगळं येऊन गेलं होतं आणि ते इतकं पटकन झाकलं गेलं, की ज्याला झालं त्यालाही कळलं नाही.

आधी काय आलं होतं?

मी तेव्हा एमए सायकॉलॉजी संपवून, पुढचं काही ठरेपर्यंत घरी होते. अभ्यासात एक नाव सतत यायचं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात त्यांनी थेरपीत बसलेल्या माणसांच्या भावनांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ते भावनांची एक साधी विभागणी करतात. एखादी गोष्ट घडल्यावर थेट उमटते ती प्राथमिक भावना. साप दिसला, भीती वाटली. आवडतं माणूस गेलं, दुःख झालं. आणि त्या भावनेवर प्रतिक्रिया म्हणून मागून उगवते ती दुय्यम भावना. म्हणजे आधी लाज वाटते आणि लाज वाटतेय हे सहन होत नाही, म्हणून राग येतो.

दुय्यम म्हणजे खोटी, असा याचा अर्थ नाही. तो राग खराखुरा असतो, छाती धडधडते, कान तापतात. फक्त तो ज्या गोष्टीबद्दल आहे असं आपल्याला वाटतं, त्या गोष्टीबद्दल तो नसतो. भावाचा राग ‘कितवी’ या शब्दावर होता असं त्याला वाटत होतं. बाबांना वाटत होतं, आपला राग त्याच्या उद्धट आवाजावर आहे.

रात्री दहाला मी भावाला फोन केला. पहिली पाच-सात मिनिटं तो नुसता धुमसत होता. बाबा असेच, त्यांना कधीच काही पुरत नाही, शेजारच्या काकांच्या मुलाचं झालं तेव्हापासून हे सुरू आहे, वगैरे. मी मधे बोलले नाही. मग एकच गोष्ट विचारली. ‘फोन वाजला, स्क्रीनवर बाबा दिसलं. तेव्हा, म्हणजे उचलायच्या आधी, काय झालं?’

बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, ‘पोटात गोळा आला. म्हटलं, आता सांगावं लागणार.’

‘सांगावं लागणार म्हणजे?’

‘म्हणजे पुन्हा नाही झालं, हे. पाचव्यांदा. आणि यार, ते कितवी विचारतात म्हणजे त्यांनी पण मोजलेत. म्हणजे त्यांच्या डोक्यात मी पाच वेळा फेल झालेला पोरगा आहे.’

एवढं बोलून तो गप्प झाला आणि त्याचा आवाज पूर्ण बदलला. राग गेला होता. रडला नाही, पण गेले दोन महिने रात्री झोप लागत नाही, मेसमध्ये प्लेसमेंट झालेल्या मुलांच्या टेबलवर बसणं टाळतो, हे सगळं त्यानं पहिल्यांदा सांगितलं. म्हणजे फोन उचलतानाच तो लाजेनं भरलेला होता. ‘कितवी’ या शब्दानं त्या लाजेला नेमका धक्का लागला. आणि पुढच्याच क्षणी तो ‘मोजत बसलाय का?’ म्हणून तुटून पडला. हे सगळं होऊन जायला एखाद-दुसरा सेकंद लागला असेल.

रागच का?

आता प्रश्न असा, की लाजेला किंवा भीतीला झाकायला रागच का धावून येतो?

पहिलं कारण शरीरात आहे. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली एक पुस्तक लिहिलं. वेदना, भूक, भीती आणि संताप या अवस्थांत शरीरात काय काय बदलतं, हा त्याचा विषय. त्यांचं म्हणणं असं, की भीती आणि संताप या दोन्हींत शरीर जवळजवळ एकच तयारी करतं. अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, रक्त स्नायूंकडे वळतं. कारण पळायचं असो की भिडायचं असो, लागणारा दारूगोळा सारखाच. त्यामुळे घाबरलेलं शरीर आधीच अर्धं तयार असतं. त्याला रागात शिरायला वेगळी मेहनत पडत नाही. रस्ता क्रॉस करताना दुचाकी अंगावरून गेली, की पहिलं हृदय थांबल्यासारखं होतं आणि पुढच्या श्वासाला तोंडातून शिवी निघते. हा तोच प्रवास.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर या दोन संशोधकांनी 2001 मध्ये भीती आणि राग यांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. या दोन्ही भावना आपण ‘निगेटिव्ह’ म्हणून एकाच डब्यात टाकतो. पण धोक्याचा अंदाज करायला सांगितल्यावर दोन्हींचे परिणाम उलट निघाले. घाबरलेल्या माणसाला जग जास्त धोकादायक वाटतं. चिडलेल्या माणसाला धोका कमी वाटतो. कारण भीतीत ‘काय होईल माहीत नाही आणि माझ्या हातात काही नाही’ असं वाटतं. रागात मात्र ‘काय झालंय ते मला पक्कं माहीत आहे, चूक कोणाची तेही माहीत आहे आणि मी काहीतरी करू शकतो’ असं वाटतं.

म्हणजे असहाय माणसाला नेमकं जे हवं असतं, तेच राग देतो. खात्री देतो, ताकद देतो. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे नजर आतून बाहेर वळवतो. ‘मी कमी पडलो’ हे वाक्य घेऊन बसणं भयंकर असतं. ‘तुम्ही मोजत बसलाय’ हे वाक्य बोलून निदान दोन मिनिटं तरी छाती पुढे काढता येते. भावानं मुद्दाम तसं केलं नाही. मन ते आपोआप करतं, गरम भांड्यावरून हात मागे यावा तसं.

पण ही सोय महाग पडते. कारण लाज, भीती, दुखावलेपण या भावना आतून काहीतरी मागत असतात. भीतीला आधार हवा असतो. दुखावलेल्याला ‘मला तू हवा आहेस’ असं कोणीतरी म्हणायला हवं असतं. रागावलेल्या माणसाला मात्र समोरचा आधार देत नाही. तो एकतर लांब पळतो किंवा उलट ओरडतो. म्हणजे ज्या माणसाकडून जे हवं होतं, त्यालाच आपण हाकलून लावतो. भावाला त्या संध्याकाळी खरं तर एवढंच ऐकायचं होतं, ‘असू दे, होईल पुढच्या वेळी.’ मिळालं काय, तर ‘फुकट शिकत नाहीयेस.’

आणि बाबा?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात पेपर घेऊन बसले होते. पान उलटत नव्हते. मी चहा घेऊन शेजारी बसले. थेट ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं असतं, तर ‘काय वाटायचंय?’ म्हणून विषय संपला असता. आपल्याकडच्या बापांना हा प्रश्न विचारायचा नसतो. म्हणून मी विचारलं, ‘त्याचं लोनचं काय आहे आता?’

मग बोलले. कोर्स संपला की साधारण वर्षभरात हप्ते सुरू होणार. त्यांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं. ते एका सहकारी संस्थेत क्लार्क आहेत, पेन्शनचं फार काही नाही. जामीन स्वतः राहिलेत. आकडे सगळे तोंडपाठ. आणि मग एकदम म्हणाले, ‘दहावीला सेंटरवर सोडायला तरी जायचो मी त्याला. पाण्याची बाटली घेऊन बाहेर थांबायचो. आता त्या इंटरव्ह्यूत काय विचारतात तेसुद्धा मला कळत नाही. काय करू मी?’

भीती होती हप्त्यांची. आणि त्याच्याही खाली होती असहायता. मुलासाठी काहीच करता येत नाही, ही. रोज संध्याकाळी फोन करून ‘काय झालं?’ विचारणं, हे त्यांचं सेंटरबाहेर बाटली घेऊन थांबणंच होतं. पलीकडे ते ऐकू जात होतं हजेरी घेतल्यासारखं.

आता या दोघांचा फोन पुन्हा ऐकून बघा. एकीकडे लाजलेला मुलगा, दुसरीकडे घाबरलेला बाप. लाजलेला मुलगा आणि घाबरलेला बाप समोरासमोर आले असते, तर भांडण झालंच नसतं. पण फोनवर आले ते दोघांचे राग. प्रत्येकाला आपली आतली भावना थोडीफार जाणवत असते, समोरच्याचा मात्र फक्त राग दिसतो. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, मी दुखावलेला आहे आणि समोरचा दुष्ट आहे. घरातली, रूममेट्समधली, रिलेशनशिपमधली कितीतरी भांडणं अशी चालतात. दोन दुय्यम राग एकमेकांशी बोलत राहतात आणि मूळ माणसं मागे उभी असतात.

आपल्या भाषेला हे माहीत होतं

गंमत म्हणजे मराठीनं हे केव्हाच ओळखलेलं आहे. आपण हल्ली सगळ्याला एकच शब्द वापरतो, ‘राग आला’. फार तर ‘डोकं फिरलं’, ‘सटकली’ किंवा ‘ट्रिगर झालो’. पण आजीच्या बोलण्यातले शब्द आठवा. रुसवा हा वेगळा राग आहे. तो फक्त आपल्या माणसावर येतो, त्याच्यात दुखावलेपण आहे आणि कोणीतरी येऊन समजूत काढावी ही अपेक्षाही आहे. बस कंडक्टरवर कोणी रुसत नाही. वैताग येतो तो थकव्यातून. चिडचिड होते ती झोप झाली नाही, पोटात अन्न नाही तेव्हा. आणि त्रागा? त्रागा म्हणजे शुद्ध असहायतेचा राग. काही करता येत नाही, म्हणून माणूस हातपाय आपटतो, स्वतःलाच त्रास करून घेतो. ‘उगाच त्रागा करू नकोस’ असं आई म्हणते, तेव्हा ती अर्धं निदान करून मोकळी झालेली असते.

म्हणून माझं मत असं, की राग आल्यावर ‘मी रागावलोय’ एवढ्यावर थांबू नका. कुठला राग, हे विचारा. रुसवा असेल, तर खाली दुखावलेपण शोधा. त्रागा असेल, तर आपल्या हाताबाहेर काय गेलंय ते बघा. भावाचा राग म्हणजे निम्मा रुसवा होता, बाबांचा राग म्हणजे चक्क त्रागा.

ओळखायचं कसं?

काही खुणा आहेत. पहिली म्हणजे माप. घटना चमचाभर आणि राग बादलीभर असेल, तर बाकीचं पाणी दुसरीकडून आलंय. दुसरी खूण भाषेत दिसते. मुद्द्याचा राग नेमकं काहीतरी मागतो, ‘माझा चार्जर विचारल्याशिवाय घेऊ नकोस’. दुय्यम राग ‘तू नेहमीच’, ‘तुला कधीच’ अशा वाक्यांत फिरतो आणि समोरच्यानं काहीही केलं तरी शमत नाही. रूममेटनं चार्जर परत दिला, सॉरीही म्हणाला, तरी तुम्ही तणतणताय? मग प्रश्न चार्जरचा नाही. कदाचित त्यानं परवा ट्रिपला तुम्हाला न सांगता दुसऱ्यांना नेलं, त्याचा आहे.

तिसरी खूण नंतरची. प्राथमिक राग नीट बोलून झाला, की मोकळं वाटतं, आपण ताठ उभे आहोत असं वाटतं. दुय्यम राग कितीही काढला तरी हलकं वाटत नाही. तो गोल गोल फिरतो, रात्री पुन्हा तेच संवाद डोक्यात चालू होतात आणि मागून अपराधी वाटतं ते वेगळंच.

इथे ‘राग बाहेर काढून टाक’ या लाडक्या सल्ल्याबद्दल बोलायला हवं. उशी बदडा, जिममध्ये पंचिंग बॅगवर त्याचा चेहरा इमॅजिन करा, असं सर्रास सांगितलं जातं. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं 2002 मध्ये हे तपासलेलं आहे. सहाशे कॉलेज विद्यार्थ्यांकडून त्यानं निबंध लिहून घेतले आणि मग त्या निबंधांवर मुद्दाम अपमानास्पद शेरे मारून ते परत दिले. चिडलेल्यांपैकी एका गटानं शेरा मारणाऱ्याचा विचार करत बॅगवर ठोसे मारले. दुसऱ्या गटानं फिटनेसचा विचार करत मारले. तिसरा गट दोन मिनिटं नुसता शांत बसला. सर्वांत जास्त चिडलेला राहिला तो पहिला गट. नंतर सगळ्यात कमी आक्रमक वागले ते शांत बसलेले. राग ही कुकरमधली वाफ नाही, की शिट्टी झाली आणि संपलं. आणि खाली लाज असेल, तर बॅगवर शंभर ठोसे मारून लाजेला काहीच मिळत नाही.

त्यापेक्षा रिवाइंड उपयोगी पडतं. पण लगेच नाही. शरीर तापलेलं असताना कोणालाही आत डोकावता येत नाही, तेव्हा पहिली वीसेक मिनिटं फक्त बाजूला व्हा. पाणी प्या, गच्चीत जा. मनातल्या मनात भांडण चालू ठेवू नका, नाहीतर तो वेळ फुकट. मग स्वतःला विचारा, राग यायच्या आधीच्या सेकंदाला काय होतं? ‘मी का चिडलो?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम ‘कारण तो मूर्ख आहे’ असंच येतं. शरीरापासून सुरू करा. पोटात गोळा आला, घसा दाटला, चेहरा गरम झाला, अंग गळून गेलं, असं काहीतरी सापडेल. घसा दाटणं बहुतेकदा दुखावल्याचं असतं, पोटातला गोळा भीतीचा. हा नियम नाही, पण सुरुवात करायला बरा धागा आहे.

प्रत्येक रागाखाली काही नसतं

आता एक महत्त्वाची अडचण. इन्स्टावर तुम्ही ते हिमनगाचं चित्र पाहिलं असेल. वर छोटासा राग आणि पाण्याखाली भीती, दुःख, लाज, एकटेपणा वगैरे. चित्र चांगलं आहे, पण अर्धवट आहे. त्यावरून असं वाटतं, की राग म्हणजे कायम कशाचं तरी झाकण. तसं नाही. ग्रीनबर्ग स्वतः प्राथमिक रागही मानतात आणि त्याला निरोगी म्हणतात.

बसमध्ये कोणी नको तिथे हात लावला आणि तुम्हाला राग आला, तर तो राग पहिलाच आहे आणि योग्य आहे. ग्रुप प्रोजेक्ट तुम्ही केलं आणि नाव दुसऱ्यानं लावलं, जातीवरून कोणी टोमणा मारला, तेव्हा येणारा राग ‘माझी हद्द ओलांडलीस’ एवढंच सांगत असतो. त्याच्या खाली खणत बसायची गरज नसते, त्याचं ऐकायची असते. अशा वेळी ‘तुला खरं राग नाही आलाय, तू हर्ट झालीयेस’ असं म्हणणारा माणूस तुम्हाला समजून घेत नसतो, गप्प करत असतो.

आणखी एक प्रकार असतो, हत्यार म्हणून वापरलेला राग. आवाज चढवला, की काम होतं, हे शिकलेली माणसं असतात. तिथेही आत हळवं काहीतरी असेलच, असं समजून सहन करत बसू नका. आणि मारहाण केलेल्या माणसानं ‘मी आतून दुखावलो होतो’ म्हटलं, तरी ते कारण झालं, माफी नाही.

मुलामुलींतला फरकही इथेच येतो. मुलांना लहानपणापासून ‘मुलीसारखा रडतोस काय’ ऐकवलं जातं. मग दुःख, भीती, लाज या सगळ्यांना बाहेर पडायला एकच दार उरतं, रागाचं. मुलींच्या बाबतीत उलटं. त्यांनी चिडणं शोभत नाही, रडणं चालतं. त्यामुळे अनेकींना खरं तर भयंकर राग आलेला असतो आणि डोळ्यांतून पाणी येतं. तिथे अश्रू दुय्यम, राग प्राथमिक. भांडताना रडू येतं म्हणून स्वतःवर चिडणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत, मीही त्यातलीच. आमच्यासाठी प्रश्न उलटा विचारायचा, या रडण्याच्या आधी मला कशाचा राग आला होता?

मग त्या फोनचं काय झालं?

दोन दिवस दोघं बोलले नाहीत. मी मध्यस्थी केली नाही, म्हणजे बाबांचं त्याला आणि त्याचं बाबांना सांगितलं नाही. फक्त भावाला म्हटलं, जे मला बोललास त्यातलं एक वाक्य त्यांना बोल, आणि काय हवंय ते सांग. फोनवर जमणार नव्हतं, म्हणून त्यानं मेसेज टाकला. तो साधारण असा होता:

‘बाबा, परवा ओरडलो. चुकलं. पाचव्यांदा रिजेक्ट झालो होतो आणि तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. रोज विचारू नका, टेन्शन येतं. काही झालं की मीच फोन करतो.’

बघा, यात बाबांवर एकही आरोप नाही. पहिली भावना आहे आणि एक नेमकी विनंती आहे. ‘टेन्शन येतं’च्या ऐवजी ‘तुम्ही टेन्शन देता’ लिहिलं असतं, तर पुन्हा तेच सुरू झालं असतं. अर्थात, असं मन उघडं करणं सगळ्यांसमोर जमत नाही आणि करूही नये. जो माणूस तुमची लाज उद्या चार लोकांत सांगेल, त्याला ती दाखवायची गरज नाही. तिथे स्वतःला कळली तरी पुरे. निदान आमटीवर तरी निघणार नाही.

बाबांनी मेसेज वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. बराच वेळ काहीतरी टाइप करत होते. मला वाटलं, मोठं काही लिहितायत. शेवटी गेलं ते एवढंच, ‘ठीक आहे. जेवलास का?’

त्यानंतर बाबांनी रोज विचारणं खरंच बंद केलं. आता रोज संध्याकाळी साडेसातला ते आईला सांगतात, ‘तू विचार.’